धागा: १५० शेअर शिल्लक, पण गुंतवणूक खात्यात फक्त १,२९८.७९ रुपये?

रोजकीर्द

एका छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची पुस्तकं टॅलीत लिहिते. धंदा पॅकेजिंगचा आहे. शेअरचा व्यापार नाही, वरचे पैसे गुंतवणूक म्हणून एका सूचिबद्ध कंपनीच्या शेअरमध्ये ठेवले होते. आकडे असे:

१२ जून २०२३ रोजी ३०० शेअर ४०० रुपयांनी घेतले. रक्कम १,२०,०००, एसटीटी १२०, ब्रोकरेज-जीएसटी-स्टॅम्प वगैरे मिळून ४४८.

९ जानेवारी २०२५ रोजी आणखी २०० शेअर ६२० रुपयांनी. रक्कम १,२४,०००, एसटीटी १२४, बाकी खर्च ४६२.

१८ सप्टेंबर २०२५ रोजी ५०० पैकी ३५० शेअर ७०० रुपयांनी विकले. दुसऱ्या दिवशी बँकेत २,४३,८५५.२१ आले.

आधीच्या लेखनिकाने खरेदी सगळ्या खर्चासकट गुंतवणूक खात्याला नावे टाकली होती, म्हणजे २,४५,१५४. विक्रीचे पैसे आले तेव्हा तेवढी रक्कम त्याच खात्यात जमा केली. आता खात्यात १,२९८.७९ शिल्लक दिसते आणि डीमॅटमध्ये १५० शेअर आहेत. ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये नफा ९४,००० आहे. तो आकडा उचलून नोंद दुरुस्त करू का? आणि ब्रोकरेज वेगळ्या खर्चखात्यात टाकायचं की नाही?

निफ्टीवाला

९४,००० घ्या आणि मोकळ्या व्हा. ब्रोकरचा रिपोर्ट फिफोने बनतो, आयकर खात्यालाही फिफोच लागतं. त्यातून ब्रोकरेज आणि एसटीटी वजा करा, झालं. एसटीटी वजा मिळतो, मी दरवर्षी घेतो.

ताळेबंद_तात्या

निफ्टीवाला, तुम्ही शेअर धंदा म्हणून करत असणार. धंद्याच्या उत्पन्नातून एसटीटी वजा मिळतो. इथे शेअर गुंतवणूक आहेत, उत्पन्न भांडवली नफ्यात जातं, आणि तिथे एसटीटी वजा करायला कायद्यानेच मनाई आहे. खरेदीचाही नाही, विक्रीचाही नाही.

रोजकीर्द, ब्रोकरचा ९४,००० हा आकडा कुठून आला ते आधी पाहा. ३०० शेअरवर प्रत्येकी ३०० म्हणजे ९०,०००, आणि ५० शेअरवर प्रत्येकी ८० म्हणजे ४,०००. खर्च कुठेच धरलेला नाही. बरेच ब्रोकर ढोबळ नफा एका पानावर आणि खर्च दुसऱ्या पानावर देतात. ती दोन पानं जुळवायचं काम आपलंच.

पण पुस्तकांत हा आकडा खर्च वजा करूनही चालणार नाही. तुमच्याकडे दोन वेगळे नफे निघणार आहेत, एक पुस्तकांचा आणि एक आयकराचा. दोन्ही बरोबर असतील आणि दोन्ही एकमेकांशी जुळणार नाहीत. आधी विक्रीची कॉन्ट्रॅक्ट नोट काढा आणि त्यातल्या ओळी इथे लिहा. बँकेतल्या रकमेवरून नोंद करू नका.

रोजकीर्द

कॉन्ट्रॅक्ट नोट अशी:

ढोबळ रक्कम २,४५,०००
ब्रोकरेज ७३५ (०.३० टक्के)
एक्स्चेंजचा व्यवहार आकार ७.२८
सेबी शुल्क ०.२५
जीएसटी १३३.६६
एसटीटी २४५
निव्वळ येणे २,४३,८७८.८१

बँकेत यापेक्षा २३.६० कमी आले आहेत. ब्रोकरला फोन केला तर "लेजर बघा" म्हणाले.

वसईकर

ते २३.६० डीपी चार्ज. २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. डीमॅटमधून शेअर बाहेर गेले की त्या दिवशी प्रत्येक स्क्रिपमागे एकदा लागतो, मग १ शेअर विका की ३५०. कॉन्ट्रॅक्ट नोटवर कधीच दिसत नाही, फक्त ब्रोकरच्या लेजरमध्ये असतो. दर ब्रोकरप्रमाणे बदलतो. म्हणूनच थोडे थोडे शेअर रोज विकणाऱ्यांना हा फटका जाणवतो, एकाच दिवशी विकले तर एकदाच बसतो.

ताळेबंद_तात्या

बरोबर. आणि स्टॅम्प ड्युटी विक्रीवर नाही, ती फक्त खरेदीवर ०.०१५ टक्के लागते. ती नोटेत दिसली नाही म्हणून शोधत बसू नका.

आता पुस्तकांचा हिशोब. कंपनी इंड-एएसमध्ये नसेल असं धरतो, म्हणजे लेखामानक १३ लागू. त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. गुंतवणुकीच्या किमतीत खरेदीचं ब्रोकरेज, शुल्क आणि कर धरायचे. आणि एकाच गुंतवणुकीतला काही भाग विकला तर विकलेल्या भागाची किंमत एकूण साठ्याच्या सरासरीने काढायची. इथे फिफो नाही.

तुमच्या खात्यात ५०० शेअरचे २,४५,१५४ होते, म्हणजे सरासरी ४९०.३०८. म्हणून ३५० शेअरची पुस्तकी किंमत १,७१,६०७.८० आणि उरलेल्या १५० ची ७३,५४६.२०. गुंतवणूक खात्यात हा शेवटचा आकडा राहायला हवा. आत्ता दिसणारे १,२९८.७९ म्हणजे १५० शेअर प्रत्येकी साडेआठ रुपयांना घेतले असा अर्थ होतो. खातं चुकलंय हे ओळखायची हीच खूण: शिल्लक रकमेला शिल्लक शेअरनी भागा. उत्तर तुमच्या कुठल्याच खरेदीभावाच्या आसपास नसेल तर विक्रीची रक्कम थेट त्या खात्यात गेली आहे.

नोंद १८ सप्टेंबरला करा, १९ ला नको. पैसे दुसऱ्या दिवशी येतात, पण व्यवहार कॉन्ट्रॅक्ट नोटेच्या तारखेचा.

```
नावे  ब्रोकर खाते             २,४३,८७८.८१
नावे  शेअर विक्री खर्च            ८७६.१९
नावे  एसटीटी (विक्री)             २४५.००
  जमा  गुंतवणूक खाते         १,७१,६०७.८०
  जमा  गुंतवणूक विक्री नफा      ७३,३९२.२०
```

डीपी चार्जचे २३.६० विक्री खर्चाला नावे, ब्रोकरला जमा. १९ तारखेला बँक नावे २,४३,८५५.२१, ब्रोकर जमा. ब्रोकरचं खातं शून्य झालं की समजा काही सुटलेलं नाही.

वर्षअखेरीला विक्री खर्च आणि एसटीटी नफ्यातून वजा करून नफातोटा पत्रकात एकच निव्वळ आकडा दाखवा: ७२,२४७.४१. एसटीटीचं खातं मात्र वर्षभर वेगळंच ठेवा, विक्री खर्चात मिसळू नका. आयकराच्या वेळी तोच एक खर्च बाजूला काढायचा असतो, आणि सगळं एका खात्यात गेलं तर पन्नास नोटा पुन्हा चाळाव्या लागतात.

रोजकीर्द

तात्या, नीट कळलं. जीएसटीचे १३३.६६ आहेत त्याचं क्रेडिट घेता येईल का? कंपनी जीएसटीत नोंदलेली आहे, ब्रोकरने आमचा नंबर टाकून बिल दिलंय, त्यामुळे ते पोर्टलवर दिसतंय.

रजेवरचा_सीए

पोर्टलवर दिसतं म्हणजे मिळतं असं नाही. क्रेडिटच्या कामासाठी रोख्यांचे व्यवहार करमुक्त पुरवठ्यात धरले जातात, आणि ज्या खर्चाचा संबंध फक्त त्यांच्याशीच आहे त्याचं क्रेडिट मिळत नाही. ब्रोकरेजवरचा जीएसटी त्यातलाच. तो खर्चातच ठेवा, तात्यांनी ८७६.१९ मध्ये धरलाच आहे.

आणखी एक, जे फार जण विसरतात. ऑफिसचं भाडं, ऑडिट फी अशा सामाईक खर्चाचं क्रेडिट वाटताना शेअर विक्रीच्या रकमेचा १ टक्का करमुक्त उलाढाल म्हणून धरावा लागतो. तुमच्याकडे तो २,४५० होईल. तुमच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे, पण पूर्ण २,४५,००० धरून जास्तीचं क्रेडिट उलटवू नका.

मृदगंध

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण धागा चालू आहे म्हणून विचारते. बाबांनी १९९० च्या दशकात घेतलेले शेअर आहेत, मध्ये दोनदा बोनस मिळाला. खरेदीची कागदपत्रं अर्धीमुर्धी. त्यातले काही आता विकायचे आहेत. किंमत सरासरीने काढायची ना?

ताळेबंद_तात्या

नाही. सरासरी फक्त कंपनीच्या पुस्तकांसाठी. बाबांना पुस्तकं नाहीत, त्यांच्यापुरता आयकराचाच नियम.

३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरला एक सोय आहे. त्या दिवशी एक्स्चेंजवर जो सर्वोच्च भाव होता तो घ्या. तो आणि विक्रीभाव यांतला कमी आकडा निवडा. मग तो आणि प्रत्यक्ष खरेदीभाव यांतला जास्त आकडा ही तुमची किंमत. त्या तारखेपर्यंत मिळालेल्या बोनस शेअरलाही हाच नियम, त्यामुळे त्यांची किंमत शून्य राहत नाही. कागदपत्रं अर्धवट असली तरी जुना खरेदीभाव बहुतेक वेळा २०१८ च्या भावाच्या खूप खाली असतो, म्हणून गणितात त्याला फारसं स्थान उरत नाही. मात्र त्या तारखेनंतर बोनस मिळाला असेल तर त्याची किंमत शून्यच. आणि नंतर स्प्लिट झालं असेल तर २०१८ चा भाव त्या प्रमाणात भागून घ्या, नाहीतर कागदावर नफा चुकून कमी किंवा शून्य दिसेल.

मृदगंध

स्प्लिट झालंय २०२१ मध्ये. बघते. आभार.

निफ्टीवाला

परत मूळ प्रश्नाकडे. तात्या, एसटीटीचं मान्य. पण पुस्तकात ७२ हजार आणि रिटर्नमध्ये वेगळा आकडा, मग नोटीस येणार नाही का? सरळ पुस्तकांतही फिफो लावलं तर भानगडच मिटते. आणि दीर्घकालीन नफ्यावरची सव्वा लाखाची सूट फक्त व्यक्तींना असते, कंपनीला नाही.

ताळेबंद_तात्या

सूट कंपनीलाही आहे. कलम ११२अ मध्ये करदाता असा शब्द आहे, व्यक्ती असा नाही. करपात्र मर्यादेत उरलेली जागा दीर्घकालीन नफ्याने भरायची सवलत फक्त निवासी व्यक्ती आणि एचयूएफला आहे, त्यावरून गल्लत होत असावी.

पुस्तकांत फिफो लावलं तर मानकाच्या विरुद्ध जाईल आणि ऑडिटर तिथेच अडवेल. आकडे वेगळे असणं हा दोष नाही. फरक सांगता आला पाहिजे. करून दाखवतो.

आयकरात डीमॅटमधले शेअर आधी आलेले आधी गेले असंच धरतात, १९९८ च्या परिपत्रक ७६८ पासून. म्हणून ३०० जुने आणि ५० नवे विकले गेले. जुने २७ महिने ठेवलेले, दीर्घकालीन. नवे ५० अवघे आठ महिन्यांचे, अल्पकालीन.

विक्रीखर्च एसटीटी सोडून, डीपी चार्ज धरून ८९९.७९. तो ३५० शेअरवर सारखा वाटला तर ३०० च्या वाट्याला ७७१.२५ आणि ५० च्या वाट्याला १२८.५४.

दीर्घकालीन: २,१०,००० वजा ७७१.२५ वजा खरेदी १,२०,४४८. नफा ८८,७८०.७५.

अल्पकालीन: ३५,००० वजा १२८.५४ वजा खरेदी ३१,११५.५०. नफा ३,७५५.९६.

एकूण ९२,५३६.७१. पुस्तकांपेक्षा २०,२८९.३० जास्त. यातले ३९६ म्हणजे एसटीटी: विक्रीचा २४५, जुन्या खरेदीचा १२०, नव्या ५० शेअरचा ३१. उरलेले १९,८९३.३० म्हणजे फिफो आणि सरासरी यांतला फरक. दोन्ही मिळून पैसा न पैसा जुळतं. हे अर्ध्या पानाचं जुळवणीपत्रक फाइलला लावून ठेवा, पुढच्या विक्रीलाही हेच लागेल.

२०२५-२६ साठी दीर्घकालीनवर सव्वा लाखापुढे १२.५ टक्के. कंपनीला वर्षभरात दुसरा असा नफा नसेल तर ८८,७८१ वर कर नाही. अल्पकालीन ३,७५६ वर २० टक्के, अधिभार-उपकर वेगळे.

वसईकर

म्हणजे तेवढे ५० शेअर ९ जानेवारी २०२६ नंतर विकले असते तर तोही कर वाचला असता. ब्रोकरच्या ॲपवर सरासरी भाव एकच दिसतो, त्यामुळे कुठले शेअर १२ महिन्यांच्या आतले आहेत ते लक्षात येत नाही. विकायच्या आधी होल्डिंगमध्ये तारीखवार फोड उघडून बघायची.

एक विचारायचं होतं. दोन डीमॅट खाती असतील तर फिफो दोन्ही मिळून की खात्यानुसार?

रजेवरचा_सीए

खात्यानुसार. त्यामुळे जुने एका खात्यात आणि नवे दुसऱ्यात असतील तर काय विकायचं ते थोडंफार आपल्या हातात राहतं. खात्यातला क्रम शेअर डीमॅटला कधी आले त्यावर, पण ठेवल्याचा काळ मोजायचा तो खरेदीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटेच्या तारखेपासून.

मात्र विक्रीच्या दिवशी ज्या खात्यातून विकलं त्याच खात्यातून डिलिव्हरी द्यायची हे बघा. कंपनीचं खातं असेल तर ठरावात नाव असलेल्या व्यक्तीलाच टीपिन टाकून मंजुरी द्यावी लागते, किंवा आधी डीडीपीआय दिलेलं असावं लागतं. मंजुरी वेळेत गेली नाही तर ऑर्डर पूर्ण होते, पण शेअर पोचत नाहीत, ऑक्शन होतं आणि फरक आपल्या खात्यात नावे पडतो. कॉन्ट्रॅक्ट नोट हातात आहे म्हणून विक्रीची नोंद टाकली आणि चार दिवसांनी ब्रोकरच्या लेजरमध्ये ऑक्शनची ओळ दिसली, असा घोळ पुस्तकांत होतो. म्हणून डीमॅटचं स्टेटमेंट बघून, ३५० खरंच गेले याची खात्री करून मगच महिना बंद करा.

तात्यांच्या हिशोबात मला एकाच जागी शंका आहे. डीपी चार्ज विक्रीखर्चात धरायचा का? तो मी सहसा सोडून देतो. खातं चालवायचा खर्च असं कोणी म्हटलं तर कुठे भांडत बसायचं, २३ रुपयांसाठी?

ताळेबंद_तात्या

वार्षिक देखभाल शुल्क खातं चालवायचा खर्च, ते मीही धरत नाही. डीपी चार्ज विक्री झाली नसती तर लागलाच नसता. हस्तांतरासाठीच झालेला खर्च यापेक्षा वेगळा काय असतो? तुमचं म्हणणं सावधपणाचं आहे, माझं कायद्याच्या शब्दांना धरून.

रजेवरचा_सीए

असू दे. पुस्तकांत धरण्यावर आपलं एकमत आहे.

वसईकर

रोजकीर्द, रिटर्नच्या आधी एआयएस बघाल तेव्हा विक्रीची रक्कम २,४५,००० ऐवजी दुसरीच दिसू शकते. डिपॉझिटरी कधी कधी त्या दिवसाच्या बंद भावाने आकडा भरते, तुमचा प्रत्यक्ष भाव तिला ठाऊक नसतो. तो आकडा घेऊन हिशोब बदलू नका. कॉन्ट्रॅक्ट नोटेवरचाच भाव धरा आणि एआयएसमध्ये अभिप्राय नोंदवून ठेवा.

रोजकीर्द

जुनी नोंद रद्द करून तात्यांनी दिली तशी टाकली. ब्रोकर खातं शून्य, गुंतवणूक ७३,५४६.२०, दोन्ही जुळलं. आणखी एक शंका. आधीच्या लेखनिकाने दुसऱ्या एका कंपनीचे शेअर टॅलीत स्टॉक आयटम म्हणून ठेवलेत, म्हणजे नगसंख्या आपोआप दिसते. तसंच इथे करू का?

ताळेबंद_तात्या

नको. स्टॉक आयटम केला की ते शेअर अखेरच्या साठ्यात जातात आणि ताळेबंदात पॅकेजिंगच्या मालाशेजारी चालू मालमत्तेत बसतात. बँकेला देता त्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही ते चुकून घुसतील. प्रत्येक स्क्रिपचं एक लेजर गुंतवणूक गटाखाली ठेवा आणि नगसंख्या, तारीख, एसटीटी यांचा एक्सेलमध्ये तक्ता ठेवा. त्या तक्त्यात प्रत्येक खरेदीची ओळ वेगळी, म्हणजे सरासरीही निघेल आणि फिफोही.

निफ्टीवाला

आणि तोटा झाला असता तर?

ताळेबंद_तात्या

पुस्तकांत तोटाखात्याला नावे, बाकी नोंद तीच. आयकरात अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून. उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच. इथे एक गंमत बघा. भाव ४९५ च्या आसपास असताना हेच ३५० विकले असते तर पुस्तकांत जेमतेम नफा, आयकरात जुन्या ३०० वर चांगला दीर्घकालीन नफा आणि नव्या ५० वर अल्पकालीन तोटा, असं सगळं एकाच नोटेतून निघालं असतं.

रजेवरचा_सीए

रोजकीर्द, कंपनी जुन्याच करपद्धतीत असेल, म्हणजे ११५बीएए निवडलेलं नसेल, तर मॅटच्या गणितात पुस्तकांतले ७२,२४७ जातात, ९२,५३७ नाही. तिथे सव्वा लाखाची सूटही नाही. कुठली पद्धत आहे ते विचारून घ्या.

रोजकीर्द

११५बीएए आहे, मॅट नाही. आता ऑडिटर विचारतायत की त्या १९,८९३.३० वर डिफर्ड टॅक्स ॲसेट काढायची का. उरलेले १५० विकले की फरक उलटणार हे मला पटलं. पण दर कुठला लावू?

ताळेबंद_तात्या

फरक उलटणार हे बरोबर. १५० ची पुस्तकी किंमत ७३,५४६.२०, फिफोने ९३,४३९.५०, अंतर तेवढंच. एसटीटीचे ३९६ मात्र कायमचे, त्यावर काही काढायचं नाही. दराबाबत मी १२.५ टक्के घेईन, कारण जानेवारीनंतर ते दीर्घकालीन होतील.

रजेवरचा_सीए

मी काहीच काढणार नाही. यंदा त्या जादा नफ्यावर कर भरलेलाच नाही, सव्वा लाखात बसला. पुढे विकतील तेव्हाही सूट पुरेल इतकाच नफा असेल तर वाचणार काय? लेखामानक २२ मध्ये वाजवी खात्री लागते. पुढच्या विक्रीचा बेत संचालकांकडून लेखी घेतल्याशिवाय ऑडिटरनेही ती दाखवू नये.

ताळेबंद_तात्या

बेत विचारावा हे मान्य. पण त्या वर्षी दुसऱ्या शेअरचा नफा असेल तर सूट आधीच संपलेली असेल. रोजकीर्द, दुसऱ्या स्क्रिपचे किती शेअर आहेत आणि त्यावर न वठलेला नफा किती, ते लिहा. त्यावर ठरेल.